दाण्याचं कूट खवट झालंय का?

अख्खे शेंगदाणे चांगले असतात आणि त्यांचंच कूट काही आठवड्यांत खवट लागतं. असं का होतं? दाणा फुटला की आतलं तेल उघडं पडतं आणि हवेतला प्राणवायू त्याला लागतो. उष्णता आणि उजेड ही क्रिया वाढवतात. जवस आणि अक्रोड यांचं तेल तर आणखी नाजूक.

ओळखायचं कसं? चमचाभर कूट तळहातावर चोळा आणि वास घ्या. ताज्या दाण्याचा गोडसर वास जाऊन जुन्या तेलाचा किंवा रंगासारखा उग्र वास आला, तर ते खवट झालंय. शंका वाटली तर चिमूटभर चावून पाहा. कडवटपणा मागाहून येतो आणि घशाशी खवखवतो. असं कूट पुन्हा भाजून सुधारत नाही. चटणीत लसूण-तिखट घालून चव झाकूही नका. दाण्यावर बुरशी दिसली, तर मात्र चाखूही नका. तिच्यातलं विष भाजूनही पूर्ण जात नाही.

म्हणून कूट आठवड्याला पुरेल एवढंच करा. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. तो गॅसजवळ नको. जास्तीचे दाणे फ्रीजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, नाहीतर आत दमटपणा धरतो. आणि जुन्या कुटावर नवं कूट कधीच ओतू नका. डबा आधी घासून, वाळवून घ्या.