विडी सुटली आणि गोळी जड झाली

वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे आज एक प्रातिनिधिक रुग्ण मांडायचा आहे. वय ४४. वीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. कानात येणारे आवाज इतर औषधांना दाद देईनात, म्हणून डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केले. दिवसाला ४०० मिलिग्रॅमवर आवाज थांबले आणि तो भावाच्या दुकानात बसू लागला. दिवसाकाठी पंधरा-वीस विड्या ओढायचा. एके दिवशी स्कूटरवरून पडून मांडीचे हाड मोडले आणि अस्थिरोग विभागात दाखल झाला. तिथे विडी ओढणे शक्यच नव्हते. गोळ्या मात्र आई वेळेवर देत होती, एकही चुकली नाही.

आठव्या-नवव्या दिवशी तो दिवसभर झोपू लागला. उशी लाळेने भिजायची. पोट साफ होत नव्हते. बोलता बोलता हातांना झटके येत, पेला हातून निसटे. सगळ्यांनी दोष वेदनाशामकांना दिला. ते स्वाभाविकही होते, कारण मनोविकाराच्या गोळीत काहीच बदल झाला नव्हता.

बदल झाला होता तो यकृतात.

यकृतात सीवायपी वन-ए-टू नावाचे एक एन्झाइम असते. क्लोझापिन, ओलान्झापिन, दम्याचे थिओफिलिन आणि चहा-कॉफीतले कॅफीन यांची मोडतोड मुख्यतः तेच करते. तंबाखू जळताना धुरात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन तयार होतात. ती यकृताच्या पेशींत शिरून एका ग्राहक प्रथिनाला चिकटतात, आणि पेशी हे एन्झाइम जास्त प्रमाणात बनवू लागते. विषारी धुराचा निचरा करायला शरीर जादा कामगार लावते, आणि ते कामगार औषधेही भराभर संपवतात. डॉक्टर मात्रा ठरवतात ती नकळत या जादा कामगारांना धरून. या रुग्णाच्या ४०० मिलिग्रॅममध्ये विडीच्या धुराचा हिशेब आधीच मिसळलेला होता.

इथे एक गैरसमज हमखास होतो, अगदी वैद्यकीय क्षेत्रातल्या माणसांचाही. हे सगळे निकोटिन करते असे वाटते. तसे नाही. काम धुराचे आहे, जळण्याचे आहे. म्हणून सिगारेट सोडून निकोटिनची पट्टी लावली किंवा च्युइंगगम चघळले, तरी यकृताच्या दृष्टीने धूम्रपान थांबलेलेच असते आणि औषधाची रक्तातली पातळी वाढतेच. पट्टी तलफ भागवते. मात्रेचा प्रश्न ती सोडवत नाही.

धूर थांबला की एन्झाइमची जादा ताकद झपाट्याने ओसरते. सोडणाऱ्यांच्या यकृताची गती मोजणाऱ्या अभ्यासात ही ताकद निम्मी व्हायला सुमारे ३९ तास, म्हणजे दीड दिवसाहून थोडे अधिक लागले. आठवडाभरात यकृत न ओढणाऱ्या माणसासारखे काम करू लागते. मोडलेल्या हाडाच्या रुग्णाची लक्षणे पहिल्या दिवशी न दिसता आठव्या दिवशी का दिसली, याचे उत्तर त्यात आहे.

हाच बदल चहाच्या कपातही दिसतो. न ओढणाऱ्या माणसाच्या रक्तातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात, ओढणाऱ्याच्या रक्तात साडेतीन तासांच्या आसपास. दुपारी चारला घेतलेल्या चहातले कॅफीन रात्री अकराला ओढणाऱ्याच्या अंगात पाव हिस्सा उरते, तर न ओढणाऱ्याच्या अंगात निम्म्याच्या जवळपास. कॅलिफोर्नियातले नील बेनोविट्झ यांनी धूम्रपान सोडलेल्या लोकांचे रक्त काही महिने तपासले आणि १९८९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. कॉफी पूर्वीइतकीच, पण रक्तातले कॅफीन दुपटीच्या पुढे, आणि ते वाढलेलेच राहिले. सिगारेट सोडल्यावर झोप उडते, छाती धडधडते, चिडचिड होते. यातला काही भाग तलफेचा असतोच, पण काही भाग त्याच चार कप चहाचा असू शकतो, जे आता अंगात आठ कपांइतके काम करतात. सोडणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात चहा निम्म्यावर आणून पाहावा. झोपेत पडणाऱ्या फरकावरून त्याला स्वतःलाच कळेल.

चहा कमी करणे घरचे काम आहे. क्लोझापिनचे तसे नाही.

या रुग्णाची दाखल होण्याआधीची पातळी समजा ३८० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होती. बहुतेक रुग्णांना गुण येतो तो ३५० च्या वर. धूर थांबल्यावर पातळी सरासरी दीडपट ते पावणेदोनपट होते, म्हणजे हा माणूस सहाशेच्या आसपास गेला. त्यातच जखमेत जंतुसंसर्ग होऊन ताप आला तर दाह हेच एन्झाइम आणखी मंद करतो. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सुरू केले तर तेही त्याला अडवते. तिन्ही एकत्र आले की पातळी हजारापलीकडे जाऊ शकते, आणि तिथे आकडीचा धोका खरा असतो. हातांचे झटके ही तिची पूर्वसूचना असू शकते.

आईने सांगितले असते, ‘अहो, त्याचं रक्त तर नेहमी तपासतात.’ ते खरेच असते. पण क्लोझापिनवरच्या माणसाचे रक्त ठरावीक काळाने तपासतात ते पांढऱ्या पेशी मोजायला. औषधाची पातळी ही वेगळी तपासणी आहे आणि ती मुद्दाम मागावी लागते. रक्त सकाळी, रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी काढावे लागते, नाहीतर आकडा फसवा येतो.

प्रचलित पद्धत अशी आहे की धूम्रपान थांबण्याआधी शक्य असेल तर पातळी मोजावी, मग आठवडाभरात मात्रा हळूहळू पाऊणपट करावी आणि पुन्हा मोजावी. या रुग्णासाठी ४०० चे ३०० मिलिग्रॅम. सहाशेची पातळी त्याने साडेचारशेच्या आसपास येते, आवाज थोपवायला पुरेशी. अर्थात माणसामाणसात फरक मोठा असतो, म्हणून दुसरी तपासणी टाळता येत नाही. आणि हे गणित मनोविकारतज्ज्ञाने करायचे आहे. घरच्यांनी गोळी तोडायची नाही.

थिओफिलिनमध्ये सुरक्षित आणि घातक पातळीतले अंतर आणखी कमी असते. जुन्या दम्याचा, विडी ओढणारा आजोबा न्यूमोनियाने दाखल होतो आणि विडी सुटते. मग मळमळ, उलट्या, नाडीची धडधड सुरू झाली की तो आजार वाढल्याचा भास होतो. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या बहुतेक गोळ्या दुसऱ्या वाटेने मोडतात, त्यांना या एन्झाइमचा प्रश्न नाही.

आता उलटी बाजू. हाड जुळले आणि तो ३०० मिलिग्रॅमची चिठ्ठी घेऊन घरी गेला. कोपऱ्यावरच्या टपरीवर जुने मित्र भेटले, चहाबरोबर विडी आली. दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढल्या तरी एन्झाइम जवळपास पूर्ण जोर धरते, म्हणून ‘थोड्याच ओढतो’ म्हणण्याने फरक पडत नाही. काही दिवसांत पातळी तीनशेखाली घसरते आणि आवाज परत येऊ शकतात. घरच्यांना वाटते, त्याने गोळ्या सोडल्या. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर मात्रेशेजारी एक ओळ हवी: ही मात्रा धूम्रपान बंद असतानाची आहे, विडी पुन्हा सुरू झाली तर न लपवता त्याच दिवशी कळवावे. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांनी, न रागावता, पहिला प्रश्न विडीचाच विचारावा.