कोणती वीज स्वस्त?

मुंबईच्या उपनगरांत वीज कोणाकडून घ्यायची, हे निवडता येतं. आमच्या गटानं दर धरून हिशेब मांडला. स्थिर आकार दोन्हींचा सारखाच मानला.

पहिल्या योजनेत शंभर युनिटपर्यंत ४ रुपये, पुढे तीनशेपर्यंत १०, त्यावर ११. दुसरीत ६, ८ आणि १५. शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, असं आम्हालाही वाटायचं. तसं नसतं, फक्त वरचेच महाग होतात.

शंभर युनिटला पहिली २०० रुपयांनी स्वस्त. पुढे दर युनिटला दुसरी २ रुपये भरून काढते, म्हणून दोनशेला दोन्ही बिलं १४०० रुपये. तीनशेला दुसरी २०० रुपयांनी पुढे. नंतर मात्र ती युनिटमागे ४ रुपये गमावते आणि साडेतीनशेला पुन्हा बरोबरी. म्हणजे दुसरी परवडते ती दोनशे ते साडेतीनशेच्या मधेच!

आमच्यातल्या एकीचं उन्हाळ्याचे चार महिने २६० युनिटचं बिल, बाकी आठ महिने १५०. मे महिन्याचं बिल पाहून ती दुसरी घेणार होती. उन्हाळ्यात तिचे १२० प्रमाणे ४८० वाचले असते, उरलेल्या महिन्यांत १०० प्रमाणे ८०० जादा गेले असते. ती पहिलीवरच राहिली.