पहिली भेट : मुलाखत नव्हे, ओळख

(समाज कल्याण संस्थेच्या वधू-वर परिचय मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. पंधरा-वीस वर्षे काउंटरवर बसून लोकांना प्रश्न विचारण्यात गेली. नाव काय, शिक्षण किती, नोकरी कायम की कंत्राटी, पगार किती, घर स्वतःचे की भाड्याचे, घरात खाणारी माणसे किती. कर्जाच्या अर्जासाठी हे प्रश्न योग्यच आहेत. पण मुलगी पाहायला गेलेल्या आपल्या मंडळींचे प्रश्न आठवून पाहा. तेच प्रश्न, त्याच क्रमाने! फक्त जामीनदार तेवढा मागायचा राहतो.

माझ्या धाकट्या बहिणीला सात वेळा दाखवावे लागले. सातव्या वेळी पाहुणे गेल्यावर ती पोह्यांच्या बशा उचलता उचलता म्हणाली, "दादा, परीक्षेला बसलं तर निदान किती मार्क पडले ते तरी कळतं." त्या दिवशी मला फार लाज वाटली, कारण एक वर्षापूर्वी मीही असाच एका घरी जाऊन बसलो होतो. मुलीचे परिचयपत्र माझ्या खिशात होते आणि मी तिला विचारले, "आपलं शिक्षण कुठपर्यंत झालं?" ती शांतपणे म्हणाली, "कागदावर लिहिलंय ना." तिथून नकार आला. योग्यच होता.

मेळाव्यात आज परिचय होईल, पत्ते दिले-घेतले जातील. त्यानंतर मुलगा-मुलगी पहिल्यांदा एकमेकांशी बोलतील, त्या भेटीपुरतेच मला बोलायचे आहे. मागच्या वर्षी माझ्या पुतणीच्या बाबतीत जे घडले तेच सांगतो.

पुतणी परिचारिका आहे. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पहिला कार्यक्रम आमच्या घरी झाला. सोफ्यावर त्यांची सात माणसे, समोर खुर्च्यांवर आमची सहा, मध्ये पुतणी. चहापाणी झाल्यावर कोणीतरी उदारपणे म्हणाले, "आता दोघांना बोलू द्या." मग आतल्या खोलीत दहा मिनिटे. दार अर्धे उघडे, दाराशी माझी वहिनी. दहा मिनिटांत आयुष्याचा निर्णय घ्यायचा म्हटल्यावर माणूस काय करणार? पाठ करून आणलेली यादी वाचणार. मुलाने विचारले, नोकरी चालू ठेवणार का, बदली होते का, स्वयंपाक येतो का. पुतणीने "हो", "नाही", "येतो" अशी तीन उत्तरे दिली. रात्री मी तिला विचारले, "कसा वाटला?" ती म्हणाली, "काका, मला काही कळलंच नाही." आश्चर्य म्हणजे मुलाचेही उत्तर तेच होते.

दोष दोघांचाही नव्हता. समोरासमोर बसवले, वेळ कमी दिला, बाहेर तेरा माणसे निकालाची वाट पाहत बसली, तर कोणाचीही मुलाखतच होईल. म्हणून दोन्ही घरच्यांशी बोलून मी आणखी एक भेट ठरवली. दीड तासाची, रविवारी सकाळी, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठामागच्या लेण्यांवर. पुतणीला बरे वाटावे म्हणून तिची चुलत बहीण सोबत होती, पण तिला चार पावले पुढे चालायला सांगितले होते. जागा निवडण्यामागे साधे कारण होते. चालताना माणसे शेजारी-शेजारी असतात, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसावे लागत नाही. पायऱ्या चढताना कोणी दोन मिनिटे गप्प राहिले तरी ती शांतता बोचत नाही. दिवाणखान्यात तीच दोन मिनिटे जीव घेतात. लेणीच हवी असे नाही. पुस्तकांचे दुकान चालेल, वर्दळ असलेली बाग चालेल. दोघांनाही पाहण्यासारखे तिसरे काहीतरी असावे, एवढेच.

पगार, कर्ज, आजार, आधीचे लग्न मोडले असल्यास ते, या गोष्टी मी आधीच कागदावर लिहून दोन्हीकडे पोहोचवल्या. काही जणांना वाटते की मोकळी भेट म्हणजे अडचणीचे विषय झाकून ठेवायची भेट. तसे नाही. ते विषय अगोदर उघड झाले, तरच भेटीत दुसरे काही बोलायला जागा राहते.

आता प्रत्यक्ष काय झाले ते पुतणीने सांगितल्याप्रमाणे. पहिली पंधरा मिनिटे अवघडच गेली. मुलाने सवयीने विचारले, "ड्युटी कशी असते?" ती म्हणाली, "कधी सकाळी, कधी दुपारी, कधी रात्रपाळी." इथे यादीवरचा पुढचा प्रश्न आला असता तर पुन्हा आतल्या खोलीसारखेच झाले असते. पण त्याने तिच्याच उत्तरातला शब्द उचलला. "रात्रपाळीहून घरी आल्यावर आधी काय करता?" ती हसली. म्हणाली, "आधी अंघोळ, मग चहा, आणि चहा संपेपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही." तो म्हणाला, "माझंही तसंच. दिवसभर पोरांशी बोलून घसा बसतो, शाळेतून आल्यावर अर्धा तास मी मुकाच असतो." पाहा, त्याने नुसते विचारले नाही, स्वतःचेही दिले. "स्वभाव कसा आहे?" असे विचारून जे कधी कळले नसते ते दोघांना एका चहाच्या कपात कळले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले आहे. अनोळखी तरुण-तरुणींच्या काही मिनिटांच्या भेटी त्यांनी तपासल्या. समोरच्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळाला होता.

तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुष उपासकांच्या मोठ्या मूर्ती आहेत. त्यांच्या केशरचनेवरून पुतणी काहीतरी म्हणाली, त्यावरून त्याच्या शाळेतल्या मुलींच्या वेण्या निघाल्या, आणि पुढे अर्धा तास कोण विचारतो आहे आणि कोण उत्तर देतो आहे हे दोघांनाही सांगता आले नसते. भेट बरी चालल्याची माझ्या दृष्टीने हीच खूण. उलट एकाच माणसाने लागोपाठ तीन प्रश्न विचारले आणि "तुमचं कसं?" असा उलटा प्रश्न एकदाही आला नाही, तर समजावे की काउंटर उघडला आहे. तेव्हा प्रश्न थांबवून आपल्याबद्दल एखादी साधी गोष्ट सांगावी. आणि तरीही समोरून एका शब्दातच उत्तरे आली, तर ती व्यक्ती कदाचित घरच्यांच्या दबावाखाली आली असेल. "तुम्ही स्वतःच्या मर्जीने आलात ना?" एवढा एक प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत, हळू आवाजात, सरळ विचारावा.

पालकांना एक विनंती. मुले परत आली की दारातच "मग काय ठरलं?" म्हणून विचारू नका. मी दोन्ही घरांना दोन दिवस कोणी काही विचारायचे नाही असे सांगितले होते. माझ्या वहिनीने ते जेमतेम एक दिवस पाळले.

आपणास वाटत असेल की आता लग्नाची पत्रिका येणार. नाही. पुतणीने नकार दिला. परतीच्या वाटेवर उतरताना मुलाने सहज सांगितले होते, त्याला गावातच राहायचे आहे, आई-वडिलांची शेती आहे, शहरात त्याचे मन लागत नाही. पुतणीला तिचे रुग्णालय सोडायचे नव्हते. तिने स्वतः फोन करून त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "मलाही उतरताना तसंच वाटलं होतं." यंदा त्याचे लग्न झाले. पत्रिका आमच्याकडे आली होती आणि पुतणी रात्रपाळी बदलून घेऊन लग्नाला गेली होती.