तिरीप, धुके आणि बैल

थंडीतल्या सकाळी कळंबला घोड नदीच्या काठी चिंचेच्या झाडातून ऊन उतरते. हवेत तिरका पट्टा दिसतो ती तिरीप; जमिनीवर उजेडाचा ठिपका पडतो तो कवडसा. हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की चित्र पहिल्याच ओळीत पुसट होते.

तिरीप दिसते धुक्यातल्या पाण्याच्या कणांमुळे. हे कण उजेड बहुतांशी पुढच्या दिशेलाच फेकतात. म्हणून सूर्याकडे तोंड करून पाहिले तर धुके लखलखते आणि मधली वस्तू काळी पडते. सूर्य पाठीशी घेतला, तर तिरीप जवळजवळ नाहीशी होते.

आता चिंचेखालचा बैल लिहायचा आहे. ‘सोनेरी धुक्यात न्हालेला तांबडा बैल’ या ओळीत धुकेच अधिक आहे. शिवाय ऊन समोरून येत असताना बैलाचा तांबडा रंग दिसणार कसा? मी असे लिहीन : ‘बैल चिंचेखाली उभा आहे. अंगाने काळा, शिंगांच्या कडा तेवढ्या उजळलेल्या. त्याच्यामागे धुके पांढरे झाले आहे.’

आधी बैल, मग त्याची कड, शेवटी धुके. धुके मागे राहिले की आकार उठून दिसतो. पुढे आले की तो विरतो. तिरीप हवीच असेल तर एकच, वशिंडाशेजारून जाणारी.

लिहून झाल्यावर उजेडाचे सगळे शब्द झाकून वाचावे. कोण, कुठे उभे आहे हे तरीही कळले, तर ते शब्द ठेवायला हरकत नाही.