तळपायावरचा तीळ



अंगावर दहा-वीस तीळ बहुतेकांना असतात आणि जवळजवळ सगळे निरुपद्रवी असतात. आज मी गालावरच्या तिळाबद्दल बोलणार नाही, तळपाय आणि नखांबद्दल बोलणार आहे. तिळासारखा दिसणारा कातडीचा कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, आपल्या सावळ्या लोकांत क्वचितच होतो; पण झालाच तर बरेचदा तिथेच होतो. किनवट-माहूरकडे अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या तळव्याला काटा, भेग, कुरूप काही ना काही असतेच. त्यात एखादा काळा डाग कोण बघतो?

पाय धुऊन उजेडात बघा. डागाच्या मधून मनातल्या मनात एक रेघ ओढा. साध्या तिळाचे दोन्ही भाग सारखे दिसतात, कड नीट असते, रंग एकच असतो. एक बाजू भलतीकडे पसरलेली, कड सांडलेल्या शाईसारखी वेडीवाकडी, आणि एकाच डागात काळा, तपकिरी, निळसर असे रंग असतील, तर तो कातडीच्या डॉक्टरांना दाखवायचा.

सर्वांत जास्त लक्ष मात्र बदलाकडे द्या. साध्या वाटणाऱ्या तिळाशेजारी रुपयाचे नाणे ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि महिन्याने तसाच पुन्हा काढून ताडून बघा. डाग वाढताना दिसतोच आहे किंवा त्यातून रक्त येते आहे, तर दुसऱ्या फोटोची वाट बघू नका. महिनाभर न भरणारी तळव्यावरची जखमही दाखवा, कारण हा रोग कधीकधी काळा नसतोच.

नखाचे जरा वेगळे आहे. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग होता. फुटबॉल खेळताना लागले असेल असे वाटले. 1977 मध्ये तो मेलॅनोमा निघाला. अंगठा कापण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. नख आणि खालचा भागच काढला. 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले.

मग ठेचेचा डाग ओळखायचा कसा? ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि काही महिन्यांत मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. रोगाचा काळा पट्टा मुळापासूनच निघतो, सरकून जात नाही, रुंदावतो आणि नखाशेजारच्या कातडीवर उतरतो. सावळ्या माणसांच्या तीन-चार नखांवर बारीक तपकिरी रेघा असतात, त्या बहुधा साध्याच. एकाच नखावरचा नवा, वाढता पट्टा मात्र दाखवा.

गावाकडे अशा डागाला चुना-सोडा लावतात, केसाने बांधतात, नाहीतर ब्लेडने खरवडतात. ते करू देऊ नका. रोग कातडीत किती खोल गेला आहे यावर पुढचे उपचार ठरतात, आणि वरचा भागच जळून गेला की ती खोली मोजता येत नाही. डॉक्टरांनी डाग काढला तरी तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे. तसे विचारून घ्या.

नांदेडला विष्णुपुरीचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या त्वचारोग विभागात जाताना मोबाईलमधले जुने फोटो सोबत न्या आणि डाग प्रथम कधी दिसला ते सांगा.