वायद्यातला नफा धंद्याचा का?

सांगलीच्या हळदबाजाराला वायदा नवा नाही. हजर सौद्यात पोती वजनकाट्यावर चढतात. वायद्यात बहुतेक वेळा पोतं जागेवरून हलतच नाही. ठरलेला भाव आणि शेवटचा भाव यांतला फरक तेवढा हातात पडतो किंवा खिशातून जातो.

शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं बहुधा असंच असतं. शेअर घेऊन पाच वर्षं ठेवला, तर ती तुमची मालमत्ता. तो विकून झालेला नफा हा भांडवली नफा. इथं मात्र करार महिन्यात, कधी आठवड्यात संपतो. जपून ठेवावं असं मागे काही उरत नाही, आणि उलाढाल वारंवार, फरकासाठीच केलेली असते. म्हणून हे उत्पन्न सहसा धंद्याचं धरतात.

पण धंदा कोणता? १९६१च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३(५) म्हणे, प्रत्यक्ष ताबा न देता मिटणारा सौदा तो सट्टा. सट्ट्यातला तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होई. खोटे तोटे दाखवून कर बुडवू नये, हा त्यामागचा हेतू. पुढे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आले. प्रत्येक सौद्याची वेळ, ग्राहकाचा क्रमांक आणि पॅन कागदावर येऊ लागला, तशी ती भीती कमी झाली. २००५च्या वित्त कायद्याने मान्यताप्राप्त शेअर बाजारातले असे सौदे सट्ट्यातून बाहेर काढले. शेतमालाच्या वायद्यांची वाट मात्र २०१८च्या वित्त कायद्याने मोकळी झाली. (साठ्यातल्या मालाचा भाव पडू नये म्हणून हळदीच्या व्यापाऱ्याने केलेला वायदा आधीपासूनच सट्टा नव्हता.) १ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, तरी धंदा आणि भांडवली नफा हा भेद त्यातही आहे.

याने फरक काय पडतो? समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षकांना पगार सात लाख, बँकेचं व्याज चाळीस हजार आणि ऑप्शन्समध्ये तोटा एक लाख नव्वद हजार. धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही, व्याजातून होतो. म्हणजे व्याज शून्य, आणि उरलेला दीड लाख पुढच्या आठ वर्षांत धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. सांगलीच्या दुकानदाराला तेवढाच तोटा झाला, तर तो त्याच वर्षी दुकानाच्या नफ्यातून सरळ वजा होतो.

चूक होते ती इथं. गुरुजी पगारदाराचा साधा फॉर्म भरतात आणि तोटा लिहीतच नाहीत, किंवा भांडवली नफ्याच्या रकान्यात टाकतात. त्यांना आयटीआर-३ लागतो, आणि तोही मुदतीत. उशीर झाला तर तो दीड लाखाचा तोटा पुढे नेता येत नाही. दलालाची फी, इंटरनेटचा वाजवी हिस्सा असे खर्चही धंद्याचे म्हणून वजा करता येतात, पण त्यांच्या पावत्या हव्यात. उलाढाल मोजताना कराराची पूर्ण रक्कम धरत नाहीत. प्रत्येक सौद्यातला नफा आणि तोटा, वजाचिन्ह न पाहता, बेरजेत घेतात. दोन सौद्यांत वीस हजार नफा आणि तीस हजार तोटा झाला, तर उलाढाल पन्नास हजार. लेखापरीक्षण लागेल की नाही, हे पाहताना हाच आकडा आधी काढतात.