दुसरा फोन

पन्हाळ्याच्या डोंगरउतारावरील वाड्यांतून आणि पायथ्याच्या ऊसपट्ट्यातून रात्री-अपरात्री दवाखान्यात येणारे रुग्ण ध्यानात घेता, आज पदवी स्वीकारणाऱ्या परिचारिकांपुढे ‘एस्कलेशन’ची, म्हणजे रुग्णाची ढासळती अवस्था वेळीच वरिष्ठांना कळवून त्यांच्याकडून कृती करवून घेण्याची चर्चा मण्यारदंशाच्या एका कथेतून करणे उचित ठरेल; कथेतील माणसे कल्पित आहेत, विष मात्र खरे आहे.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा सापडत नाहीत, त्यामुळे रुग्ण सापाचे नावही न काढता केवळ पोटदुखीची तक्रार करतो. कथेतील ऊसतोड मजूर स्त्री अशीच रात्री एक वाजता ग्रामीण रुग्णालयात आली आणि आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन तिला निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. तीनच्या सुमारास कनिष्ठ परिचारिकेला तिच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या दिसल्या. झोप असावी असे वाटले, परंतु हाक मारल्यावर ती जागी असूनही पापण्या उचलेनात आणि आवाज नाकातून येऊ लागला होता. नाडी, रक्तदाब आणि ९७ टक्के ऑक्सिजन, सारे ठीक होते.

परिचारिकेने डॉक्टरांना फोन करून “पोटदुखीची पेशंट बरी वाटत नाही, सर” असे सांगितले, आणि इतक्या मोघम वाक्याला मिळायचे तेच उत्तर मिळाले: “सकाळी राउंडला बघू.”

तिने फोन ठेवला, पण खाट सोडली नाही. एका श्वासात किती आकडे मोजता येतात, ही श्वसनाच्या स्नायूंची साधी परीक्षा तिने घेतली. रुग्ण अठरापर्यंत पोहोचली आणि दहा मिनिटांनी अकरावरच थांबली. स्नायू थकत असताना ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ फसवा राहतो, तो घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो. दुसऱ्या फोनवर तिने आपले नाव सांगून परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण आणि मागणी या क्रमाने बोलायला सुरुवात केली: “सर, एक वाजता आलेली पेशंट जमिनीवर झोपली होती. आता पापण्या पडल्यात, एका श्वासातली मोजणी अठरावरून अकरावर आलीय. मला मण्यार वाटते. तुम्ही आत्ता वॉर्डात या; मी अँबू बॅग आणि अँटीव्हेनम काढून ठेवते.” डॉक्टर आले नाहीत तर तिसरा फोन वैद्यकीय अधीक्षकांना करायचा, हेही तिने ठरवले होते, आणि त्यात उद्धटपणा कसलाच नव्हता.

डॉक्टर तत्काळ आले. रिॲक्शन आल्यास हाताशी असावे म्हणून ॲड्रिनॅलिन भरून ठेवून प्रतिविषाच्या दहा व्हायल सुरू झाल्या. मात्र आधीच लुळे पडलेले स्नायू प्रतिविषाने लगेच पूर्ववत होत नसल्याने १०८ रुग्णवाहिकेतून, श्वासनलिकेत नळी घालून, तिला कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात व्हेंटिलेटरसाठी हलवण्यात आले. केसपेपरवर परिचारिकेने दोन्ही फोनच्या वेळा, सांगितलेला मजकूर आणि पहिल्या फोनला मिळालेले उत्तर जसेच्या तसे नोंदवले.